सदतीस नंबर हजर आहे

दिवाळी संपली की आपल्याकडे दोन गोष्टींचा हंगाम सुरू होतो. एक तुळशीच्या लग्नांचा आणि दुसरा शाळेच्या स्नेहमेळाव्यांचा. पहिल्यात नवरदेव कोण हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे तिथे कुणाची झोप उडत नाही. दुसऱ्यात मात्र पन्नाशी उलटलेली, साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही काबूत ठेवणारी शहाणीसुरती माणसं आठवडाभर आधीपासून केसांना काय लावावं याच्या विचारात पडतात. पुरुष म्हणतात, सरांचा सत्कार आहे, जायलाच हवं. बायका म्हणतात, मैत्रिणी भेटतील गं. सरांच्या सत्काराला नवं अत्तर आणि मैत्रिणींना भेटायला नवं ब्लाउज कशासाठी लागतं, हा प्रश्न घरातली तरुण मंडळी विचारत नाहीत, फक्त एकमेकांकडे बघतात.

खरं कारण बहुतेकांच्या बाबतीत पटावरचा एक नंबर असतो. माझ्या बाबतीत तो सदतीस होता. त्याचं नाव इथे सांगत नाही, कारण वाईत त्या नावाचं एकच घर आहे आणि त्या घरात मासिकं वाचली जातात.

आमची १९८८ ची दहावी. त्या काळात वाईसारख्या गावात ‘शाळेतलं प्रेम’ म्हणजे नेमकं काय असायचं, हे आजच्या मुलांना सांगायला गेलं की त्यांना ते प्रेम वाटतच नाही. आम्ही एकमेकांशी बोलायचो नाही. मुलींच्या रांगा खिडकीकडे, मुलांच्या दाराकडे, मध्ये कृष्णा नदी वाहत असावी एवढं अंतर. एकदा कधीतरी त्याने भूगोलाची वही मागितली, मी दिली, त्याने तिसऱ्या दिवशी कव्हर घालून परत केली. एवढ्या भांडवलावर वर्गाने कारखाना उभारला. फळ्यावर बदाम निघाले. माझा नंबर पुकारला की मागच्या बाकांवरून खाकरण्याचे आवाज येऊ लागले, त्याचा पुकारला की मुलींच्या रांगेत कोपरं ढोसली जाऊ लागली. दोन महिने चिडवल्यावर मला तो आवडू लागला. यात फसवणूक नाही. आपल्याकडे त्या वयातली बहुतेक प्रेमं वर्गानेच जमवलेली असत. ज्यांच्यात जमायचं त्यांना बातमी सगळ्यात शेवटी कळे.

हे तपशिलात सांगण्याचं कारण असं, की पस्तीस वर्षांनी त्या माणसासमोर उभं राहिल्यावर पोटात जे काही हलतं, ते कुणी हलवलं याचा शोध घ्यायचा तर सुरुवात इथून करावी लागते. मूळ ठिणगीसुद्धा आपल्या दोघांची होती की वर्गाची? आणि मेळाव्याला तर सगळा वर्गच पुन्हा हजर असतो.

मेळाव्याची रचना आता राज्यभर ठरून गेली आहे. शिपाईमामा घंटा देतात. प्रार्थना होते, प्रतिज्ञा होते. हयात असलेल्या गुरुजनांना शाल, श्रीफळ आणि रोप. मग हजेरी घेतली जाते आणि पोट सुटलेले गृहस्थ ‘हजर’ म्हणताना आवाज बारीक करतात. आमच्याकडे छापील टी-शर्टही होते. मध्यम मापाचे दोन गठ्ठे तसेच उरले. सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच जाहीर केलं, की आज जो अहो-जाहो करील त्याला पन्नास रुपये दंड. त्यामुळे ज्या मुलाशी मी दहा वर्षांत दहा वाक्यं बोलले नव्हते तो थेट “अगं, तू कशी आहेस?” म्हणत समोर आला. ऐकायला गोड वाटलं. पण कायद्याने मिळालेलं एकेरी पुराव्यात धरता येत नाही, हे मी तेव्हाच मनाशी नोंदवलं.

सदतीस नंबर हजर होता. केस कमी, मिशी पांढरी, खांदे तसेच. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी बंगळुरूला. माझा घटस्फोट आता एवढा जुना झालाय, की त्याची कागदपत्रं शोधायची तर आधी रेशनकार्ड उचलावं लागतं. म्हणजे कुणाचा संसार मोडण्याचा प्रश्न नव्हता. हे आधीच सांगून टाकते. ज्यांच्या घरी कुणी वाट बघत असेल त्यांच्यासाठी पुढचं सगळं निरुपयोगी आहे. त्यांनी सरांचा सत्कार करून शेवटच्या एसटीने घरी जावं.

तर, पहिला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात जे वाटतं ते मोजायचंच नाही. कारण त्या वेळी सगळ्याच गोष्टींबद्दल वाटत असतं. मला घंटा ऐकून गहिवरून आलं. मग मागच्या पाण्याच्या टाकीपाशी गेले, तिथल्या तीन नळांपैकी मधला तेव्हाही गळायचा आणि आताही गळत होता. तो बघून डोळे भरून आले. तशा भरल्या डोळ्यांनी मागे वळले तर सदतीस नंबर उभा. आता सांगा, डोळ्यांतलं पाणी कुणाच्या नावावर टाकायचं?

मानसशास्त्रज्ञांनी याचा हिशेब मांडून ठेवलाय. उतारवयातल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, की साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात. आलेखावर तिथे चक्क टेकाड दिसतं. त्या वयात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात, आपण कोण हे त्याच काळात ठरत असतं, म्हणून ते सगळं खोल कोरलं जातं, असं त्याचं कारण सांगतात. त्या टेकाडावर माझ्या बाबतीत काय काय उभं आहे? रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून पाहिलेलं ‘रामायण’, दहावीच्या सुट्टीत साताऱ्याला जाऊन पाहिलेला ‘कयामत से कयामत तक’, ढोल्या गणपतीच्या मागच्या घाटावरचं थंडगार पाणी, शाळेच्या फाटकावरची चिंचेची गोळी. आणि सदतीस नंबर. सगळ्यांवर एकच ऊन पडलंय. त्यामुळे तो आठवताना लख्ख दिसतो यावरून त्याच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. चिंचेची गोळीही लख्खच दिसते.

म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी काढली. तिला पाण्याच्या टाकीची कसोटी म्हणू. त्या माणसाकडे बघून जे वाटतंय ते टाकीकडे बघून वाटलं त्याहून वेगळ्या जातीचं आहे का? नुसतं जास्त असून चालत नाही, जात वेगळी हवी. टाकीने आता काय करावं याबद्दल मला काही उत्सुकता नव्हती. तिचा नळ दुरुस्त झाला काय, न झाला काय. किंबहुना न झालेलाच बरा. गतकाळाच्या ओढीला समोरची वस्तू बदललेली नकोच असते. आणि माणसाबद्दल ओढ असेल तर त्याचं मधल्या वर्षांत काय झालं, हे ऐकायची भूक लागते. दुपारच्या जेवणापर्यंत माझी प्रामाणिक अवस्था अशी होती, की सदतीसने मिशी काळी केली असती तर मला बरं वाटलं असतं. म्हणजे टाकीच.

जेवणानंतर वर्गाने सूत्रं हातात घेतली. पस्तीस वर्षं इतर कामांत घालवल्याचं त्यांना बहुधा वाईट वाटत असावं. कुणीतरी मला आणि त्याला मुद्दाम शेजारच्या खुर्च्यांवर बसवलं, कुणी भूगोलाच्या वहीचा उल्लेख केला, मागून तीच खाकरणी. एकाने मोबाइलवर ‘कयामत’मधली गाणी लावली. आम्ही दोघंही हसलो, त्याचे कान लाल झाले आणि माझी बाकावरची जुनी शेजारीण कानाशी लागली.

“बघितलंस? कान.”

“उकडतंय गं हॉलमध्ये.”

“बाकी कुणाचे झाले का लाल?”

तिचा मुद्दा बिनतोड वाटला. पण १९७७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात झालेला एक प्रयोग मला ठाऊक होता. मार्क स्नायडर आणि सहकाऱ्यांनी काही तरुणांना अनोळखी मुलींशी फोनवर बोलायला बसवलं. बोलण्याआधी प्रत्येकाला एक फोटो दाखवला, कुणाला फार देखण्या मुलीचा, कुणाला साधारण दिसणाऱ्या. फोटो पलीकडच्या मुलीचा नव्हताच आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. तरी ज्यांना देखणा फोटो मिळाला ते जास्त आपुलकीने बोलले. मौज पुढे आहे. नंतर फक्त मुलींच्या बाजूचं बोलणं तिसऱ्याच लोकांना ऐकवलं, तर देखण्या समजल्या गेलेल्या मुली खरोखरच जास्त मोकळ्या आणि लाघवी वाटल्या. म्हणजे समोरच्याने आपल्याबद्दल काहीतरी धरून चालायचं आणि आपण नकळत तसं व्हायचं.

आमचा वर्ग हेच करत होता. त्याने आम्हा दोघांच्या हातात एकमेकांचे फोटो ठेवले होते. ती बघते आहे असं सदतीसला सांगितलं होतं, म्हणून तो बघत होता. तो बघतोय म्हणून मी पदर सारखा करत होते. ते बघून शेजारीण म्हणत होती, बघितलंस? अशा वेळी लाल कानांचा अर्थ लावण्यापेक्षा तो माणूस बाकीच्यांशी कसा वागतो ते बघणं जास्त उपयोगाचं. मी पाहिलं. तो सगळ्यांशी सारखाच वागत होता: कमी बोलत होता आणि खुर्च्या उचलत होता. माझ्याशी बोलताना दोन वाक्यं जास्त. त्या दोन वाक्यांचं करायचं काय?

आणखी एक गोष्ट मी पाहिली, पण तिचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. आठवणींच्या कार्यक्रमात एकेक जण उठून सरांच्या छडीचे किस्से सांगत होता, हॉल हसून लोटपोट होत होता, खुद्द सरही हसत होते. सदतीस तेवढ्यात उठला आणि मंडपवाल्याचा हिशेब बघायला बाहेर गेला. किस्से संपल्यावर परत आला.

मेळाव्यानंतरचा पंधरवडा हा या आजाराचा खरा काळ. ग्रुपवर तीनशे फोटो येतात, त्यातले आपण दोघं असलेले सात कुणीतरी वेगळे काढून टाकतं, खाली बदामांची माळ. मग एक दिवस खासगी निरोप येतो. इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगते. सकाळी सहाला आलेलं गुलाबाचं फूल आणि त्याखालचा सुविचार हा निरोप नव्हे. ते पत्रक आहे. तेच फूल त्याच मिनिटाला त्याच्या साडूलाही गेलेलं असतं. ज्या वाक्याचा पत्ता बदलता येत नाही ते वाक्य मोजायचं. सदतीस फुलं पाठवायचा नाही. त्याने बाराव्या दिवशी लिहिलं: “तू म्हणाली होतीस आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन गुरुवारी आहे. झालं का?” मी त्याला हे जेवणाच्या रांगेत, पुरी घेता घेता, वाक्याच्या मध्येच सांगितलं होतं. त्या दोन जास्तीच्या वाक्यांतलं एक ते होतं.

मी तो निरोप मुलीला दाखवला. ती वाचून म्हणाली, “आई, हा माणूस ऐकतो.” तिच्या पिढीत हे दुर्मीळ असावं. आमच्याही होतंच.

याच दिवसांत मी नॅन्सी कॅलिश या बाईंच्या कामाबद्दल वाचलं. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटो इथे त्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. तरुणपणी दुरावलेली आणि मोठेपणी पुन्हा भेटलेली जोडपी त्यांनी गोळा केली, हजाराच्या वर लोकांकडून माहिती घेतली आणि १९९७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्याकडे आलेल्यांतले बहुसंख्य पुन्हा जोडले गेल्यावर एकत्र टिकले. ताटातुटीचं सगळ्यात मोठं कारण काय होतं? घरच्यांचा विरोध. अमेरिकेतही आई-वडीलच आडवे आले होते हे वाचून मला उगीचच बरं वाटलं.

पण बँकेत तीस वर्षं काढलेल्या बाईने आकडा कुठून आला हे बघितल्याशिवाय पान उलटू नये. ज्यांचं पुन्हा जमलं होतं तेच बाईंना आपली हकीकत सांगायला पुढे आले होते. जी माणसं मेळाव्यात भेटली, चहा प्यायली, “छान वाटलं हं भेटून” म्हणाली आणि आपापल्या घरी गेली, ती कशाला प्रश्नावली भरायला बसतील? त्यांची संख्या किती, ते कुणालाच कळायचं नाही, आणि मेळाव्याला आलेल्यांपैकी मोठा भाग तर तोच असणार. शिवाय या जोडप्यांचं एकेकाळी खरोखर काहीतरी होतं. भांडणं, पत्रं, आणाभाका. मोडायला आधी जमलेलं असावं लागतं. आमच्याकडे होती भूगोलाची वही. पुढे कॅलिश बाईंनीच, ज्यांचे संसार चालू आहेत त्यांनी जुन्या प्रेमाचा पत्ता शोधण्याच्या फंदात पडू नये, असं बजावून सांगायला सुरुवात केली होती. ज्या बाईने त्या विषयाला उभं आयुष्य दिलं तिचं ते म्हणणं आहे, हे ध्यानात ठेवावं.

तेव्हा आता एकच मार्ग उरला: वर्ग वजा करून भेटणं. जागा निवडतानाही मी अक्कल चालवली. घाट नको, मेणवली नको, पाचगणी तर नकोच. तिथे दगडालाही प्रेमात पडल्यासारखं वाटतं. मंगळवारी दुपारी तीन वाजता, पुण्यात, स्वारगेटजवळच्या एका उडपी हॉटेलात, जिथे बिल मागायच्या आधी येतं. त्याला पुण्यात आधार कार्डावरचा पत्ता बदलायचा होता, मला पासबुक भरून घ्यायचं होतं. प्रेमाची परीक्षा घ्यायची तर वार मंगळवारच असावा.

पहिली वीस मिनिटं शाळाच चालली. कुठल्या सरांचं काय, कोण कुठे. मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. नववीची सहल, प्रतापगडची. एसटीत मी खिडकीपासून आत बसले होते, पसरणी घाटात मला मळमळायला लागलं, आणि मागच्या बाकावरचा हा एक शब्दही न बोलता उठला, मला खिडकी दिली आणि स्वतः पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन उभा राहिला. ही आठवण मी पस्तीस वर्षं जपली होती. संसारातल्या काही वाईट संध्याकाळी ती बाहेर काढून बघितली होती. कधीकाळी एका पुरुषाने न मागता खिडकी दिली होती, अशी.

तो थोडा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, “खिडकी? अगं, मलाच उलटी येत होती. बॉनेटजवळ कमी हलतं म्हणून पुढे गेलो. तू माझ्या जागेवर बसलीस हे मला आता कळतंय.”

मी इडलीकडे बघत बसले. पस्तीस वर्षांचं दाक्षिण्य त्याच्या पोटातल्या ढवळण्यातून निघालं होतं.

“तुला मग काय आठवतं माझं?” मी विचारलं. थोडं चिडून विचारलं असेन.

“तू वर्गमंत्री होतीस. ऑफ तासाला बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचीस. एकदा माझं लिहिलंस आणि सर यायच्या आत पुसलंस.”

मला हे अजिबात आठवत नाही. मी कितीतरी नावं लिहिली आणि कितीतरी पुसली असतील. “त्यात काय एवढं?” मी म्हटलं.

“एवढं काही नाही. त्या आठवड्यात दोनदा मार खाल्ला होता. तिसरा चुकला.”

घरी येताना पीएमटीत मी या दोन आठवणी शेजारी ठेवून बघितल्या. त्या बसला सध्या पीएमपी म्हणतात, पण गर्दी पीएमटीचीच आहे. माझ्या आठवणीत मध्यभागी मी होते: मला मळमळत होतं, माझी कुणीतरी काळजी घेतली. तो त्यात खिडकीच्या चौकटीएवढा. त्याच्या आठवणीत मध्यभागी मी होते: मी काय केलं, माझा हात कसा फिरला. म्हणजे दोन्हीकडे मीच, आणि तो दोन्हीकडे कडेला. ज्यांना ही परीक्षा स्वतः घेऊन बघायची असेल त्यांनी एवढंच करावं: दोघांनी एकमेकांची एकेक आठवण सांगायची आणि तिच्यात कर्ता कोण आहे ते बघायचं. जिथे आपणच कर्ते आणि समोरचा फक्त आपल्याशी चांगलं वागायला आलेला, ती ओढ स्वतःच्याच तरुण वयाची असते. जिथे समोरचा काहीतरी करताना दिसतो, तिथे निदान त्याच्याकडे कुणी पाहिलेलं असतं.

तरी एक शंका राहिलीच. दयेबद्दलची कृतज्ञता आणि ओढ यांत फरक आहे, आणि पस्तीस वर्षांपूर्वी चुकलेल्या छडीसाठी माणूस आज चहा पाजायला येतो, याचा अर्थ तो हिशेबाला चोख आहे इतकाच निघू शकतो. शेवटी, पुढच्या भेटीत, मी सरळ विचारलं. पन्नाशीचा हा एक मोठा फायदा आहे, आणि मेळाव्यांत कुणीच तो घेत नाही. सगळे कान बघत बसतात.

“मला एक सांग,” मी म्हटलं, “तुला माझ्याबद्दल काही वाटतं, का शाळेबद्दल वाटतं आणि मी त्यात आले?”

तो हसला नाही. त्याने कप बशीत ठेवला.

“शाळेबद्दल मला काहीही वाटत नाही,” तो म्हणाला. “सकाळी दूध घालून यायचो, उशीर व्हायचा, रोज मार. गणितात काठावर पास झालो. ती इमारत पाडली तरी माझी हरकत नाही.”

“मग मेळाव्याला कशाला आलास?”

“यादीत तुझं नाव होतं.”

तेव्हा मला मंडपवाल्याचा हिशेब आठवला. सगळे हसत असताना बाहेर गेलेला माणूस. आणि मग मेळाव्यांबद्दल एक गोष्ट लक्षात आली, जी आधी कधी सुचली नव्हती. मेळावे भरवतात ते वर्गमंत्री, स्कॉलरशिपवाले, गॅदरिंगमध्ये बक्षिसं घेतलेले. आम्हाला त्या आवारात सुख होतं, म्हणून तिथलं सगळं आम्हाला गोड लागतं, टाकी, घंटा, छडी, सदतीस नंबर, एकाच पाकात. ज्याला शाळेत सुख नव्हतं त्याच्याकडे हा पाक नाही. तो आला असेल तर वेगळ्या कामाला आलेला असतो. आपली ठिणगी खरी की जुन्या दिवसांची, याचा विचार करताना प्रत्येकाने आधी हे विचारावं, की आपल्या दोघांपैकी शाळेवर प्रेम कुणाचं होतं. ज्याचं होतं त्याच्या भावनांची तपासणी कडक करावी. ज्याचं नव्हतं त्याला थोडं सोडून द्यायला हरकत नाही.

म्हणजे संशयित मी निघाले. त्याच्या बाजूचं बहुतेक स्पष्ट होतं. माझ्याच बाजूला धुकं होतं. मला तो आवडतो की माझं नववीत असणं आवडतं? हे एका भेटीत कळत नाही आणि ग्रुपवर विचारण्यातही अर्थ नाही, तिथे निकाल आधीच लागलाय. एवढं मात्र दिसतंय, की मधल्या वर्षांतलं त्याचं ऐकायला मला आता कंटाळा येत नाही. साखर कारखान्याच्या बॉयलरवर रात्रपाळ्या कशा काढल्या, बायकोच्या आजारपणात भाकरी थापायला कसा शिकला, पहिल्या महिन्यात भाकरी फुगत नव्हत्या तर मुलीने त्यांना काय नाव ठेवलं होतं. यातलं काहीच माझ्या टेकाडावर नाही. यात मी कुठेच नाही, तरी मी पुढे काय झालं म्हणून विचारते. मिशी पांढरीच बरी दिसते, असंही हल्ली वाटू लागलंय.

आम्ही महिन्यातून एकदा भेटतो, मंगळवारी, त्याच हॉटेलात. ग्रुपला सांगितलेलं नाही. नियम एकच केलाय: शाळेचा विषय जो काढील त्याने बिल द्यायचं. आतापर्यंत बहुतेक वेळा ते मीच दिलं आहे.